वीस माणसं नेमकी कोणती?

गुणात्मक अभ्यासाचा अहवाल कुणाच्याही हाती द्या, पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘बोललात फक्त वीस माणसांशी आणि सांगताय अख्ख्या जिल्ह्याबद्दल?’ प्रश्न रास्त आहे. ‘आमचं संशोधन गुणात्मक आहे, आम्हाला आकड्यांशी देणंघेणं नाही’ एवढं म्हणून त्यातून सुटका होत नाही आणि होऊही नये. ती वीस माणसं कशी निवडली यावर उत्तर अवलंबून असतं.

शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण एका पातेल्यातला भात सगळीकडे साधारण सारखाच शिजतो. माणसांचं तसं नसतं. म्हणून सर्वेक्षण करणारे चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करतात आणि शेकडो, हजारो लोकांना गाठतात. संख्या मोठी असली की योगायोगाने झालेली गडबड भरून निघते. वीस माणसांत ती निघत नाही. समजा, जिल्ह्यातल्या दर दहा रुग्णांमागे एक रुग्ण कामासाठी गाव सोडून जाणारा आहे. चिठ्ठ्या टाकून वीस रुग्ण काढले, तर त्यांत असा एकही रुग्ण नसण्याची शक्यता बारा टक्के असते. असे रुग्ण वीसात एक असतील, तर हीच शक्यता छत्तीस टक्क्यांवर जाते. म्हणजे छोट्या अभ्यासात सगळं नशिबावर सोडलं, तर नेमकी ज्यांची गोष्ट ऐकायला हवी तीच माणसं निसटू शकतात.

त्यामुळे गुणात्मक अभ्यासात माणसं विचारपूर्वक, कारण देऊन निवडतात. अमेरिकेतले मूल्यमापन-तज्ज्ञ मायकेल क्विन पॅटन यांनी अशा निवडीच्या अनेक पद्धतींना नावं दिली आणि त्या वेगवेगळ्या करून मांडल्या. त्यांच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती १९८० सालची. त्यांतल्या दोन पद्धतींबद्दल इथे लिहितो आहे: मॅक्झिमम व्हेरिएशन, म्हणजे जास्तीत जास्त वेगळेपण असलेली माणसं निवडणं, आणि क्रिटिकल केस, म्हणजे एखादंच पण निर्णायक उदाहरण निवडणं. प्रबंधांमध्ये ही दोन्ही नावं सर्रास दिसतात, पुष्कळदा एकाच वाक्यात. वास्तविक दोन्हींमागचा युक्तिवाद वेगळा आहे आणि त्यातून करता येणारा दावाही वेगळा आहे.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. टीबीच्या रुग्णांना उपचाराच्या काळात सकस आहार मिळावा म्हणून केंद्र सरकारची निक्षय पोषण योजना आहे. २०१८ मध्ये ती सुरू झाली तेव्हा रुग्णाच्या बँक खात्यात महिन्याला ५०० रुपये जमा होत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. नेहमीच्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. समजा, एका विद्यार्थिनीला नाशिक जिल्ह्यात अभ्यास करायचा आहे. हा पैसा रुग्णापर्यंत कसा पोचतो, घरात कुणाच्या हाती पडतो आणि त्याचं काय होतं, हे तिला समजून घ्यायचं आहे. जिल्ह्यात सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले कामगार आहेत, मालेगावचे यंत्रमाग कामगार आहेत, सुरगाणा-पेठच्या पाड्यांवरचे आदिवासी आहेत आणि त्यांच्यातलेच हंगामात निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांच्या कामाला जाणारे मजूर आहेत. तिला वीस मुलाखती झेपतील.

जास्तीत जास्त वेगळेपण हवं म्हटलं की पहिला मोह होतो तो सगळंच वेगळं घेण्याचा: वय, लिंग, जात, धर्म, शिक्षण, तालुका, उत्पन्न. इथेच घोळ सुरू होतो. चारच बाबी घेतल्या आणि प्रत्येकीच्या दोनच बाजू धरल्या, तरी सोळा खाने होतात. पाच बाबी घेतल्या की बत्तीस. माणसं वीसच. मग प्रत्येक खान्यात एखादं माणूस येतं किंवा तेही येत नाही, आणि अभ्यासाचं रूप सरकारी जाहिरातीतल्या फोटोसारखं होतं. सगळे समाज दिसतात, पण कुणाचंच काही कळत नाही.

म्हणून बाबी प्रश्नातून काढायच्या. पैशाच्या वाटेत काय काय फरक पाडू शकेल, हे आधी विचारायचं. त्यासाठी जिल्ह्यातल्या टीबी पर्यवेक्षकांशी, दोन-तीन आशाताईंशी आणि एखाद्या बँक मित्राशी बोलून घेतलं, तर बऱ्याच गोष्टी आधीच कळतात. आमच्या विद्यार्थिनीला तीन बाबी महत्त्वाच्या वाटल्या असं धरू. पहिली, खातं रुग्ण स्वतः चालवतो की घरातलं दुसरं कुणी. दुसरी, उपचाराच्या काळात रुग्ण एका जागी आहे की कामासाठी हलतो आहे. तिसरी, उपचार सरकारी दवाखान्यातून चालू आहे की खासगी डॉक्टरकडून. तिन्हींच्या दोन-दोन बाजू धरल्या की आठ खाने होतात. प्रत्येक खान्यात दोन रुग्ण घेतले की सोळा. उरलेल्या चार जागा तिने मुद्दाम मोकळ्या ठेवाव्यात, कारण काम सुरू झाल्यावर आधी डोक्यातही न आलेला एखादा फरक समोर येतोच. तो आला की त्या माणसांसाठी जागा हवी.

हे खाने सारख्याच सहजतेने भरत नाहीत. शहरात राहणारा, स्वतःचं खातं स्वतः चालवणारा, सरकारी दवाखान्यातून गोळ्या घेणारा रुग्ण पहिल्याच दिवशी भेटतो. त्याच्या उलट टोकाला एक बाई आहे. ती सुरगाण्याच्या पाड्यावरून द्राक्षाच्या कामाला निफाडकडे आलेली आहे. खोकला थांबेना म्हणून तिथल्याच खासगी डॉक्टरकडे गेली. तिचं पासबुक गावी सासऱ्याच्या ट्रंकेत आहे. तिला गाठायचं तर मुकादमाला विचारावं लागतं, संध्याकाळी काम सुटल्यावर जावं लागतं, आणि आजाराचं नाव आजूबाजूच्यांना कळू न देता बोलायला जागा शोधावी लागते. पुष्कळ अभ्यासांत हा खाना रिकामा राहतो आणि अहवालात ‘असे रुग्ण उपलब्ध होऊ शकले नाहीत’ असं एक वाक्य येतं. माझ्या मते, तो खाना रिकामा राहिला तर अभ्यासाच्या शीर्षकातून जिल्ह्याचं नाव काढून टाकावं. तिच्याचसारख्यांसाठी तर ही पद्धत निवडली होती.

दुसरा धोका याहून लपलेला असतो. कागदावर आठही खाने भरलेले दिसतात, पण सगळे रुग्ण एकाच हाताने निवडलेले असतात. आशाताईला सांगितलं की ‘चार रुग्ण भेटवा’, की ती तिचं ऐकणारे, गोळ्या वेळेवर घेणारे, बोलायला बरे असे चार जण भेटवते. यात तिची काही चूक नाही, कुणीही तेच करेल. पण मग तालुका वेगळा, काम वेगळं, लिंग वेगळं असूनही एका बाबतीत सगळे सारखे निघतात: व्यवस्थेशी त्यांचं चांगलं जमलेलं असतं. हे ओळखायच्या खुणा आहेत. सात-आठ मुलाखती झाल्यावर कुणीच उपचार मध्येच सोडलेला नाही, प्रत्येक जण कर्मचाऱ्यांना नावाने ओळखतो आणि कुणीही मुलाखतीला नकार दिलेला नाही, असं दिसलं तर थांबावं. नकार अजिबात नसणं ही कौतुकाची नव्हे, काळजीची गोष्ट आहे.

यावर उपाय सोपा आहे, पण वेळखाऊ. आधी पन्नास-साठ रुग्णांना चार-पाच छोटे प्रश्न विचारून एक यादी करायची: खातं कुणाचं, राहता कुठे, औषध कुठून घेता, पैसे जमा झाले का. त्या यादीतून खान्यांप्रमाणे माणसं संशोधकाने स्वतः निवडायची. यादी एकाच दारातून यायला नको. सरकारी नोंदणीबरोबरच खासगी डॉक्टर आणि औषधाचं दुकान ही दारंही वाजवायची. कुणाला विचारलं, कुणी नाही म्हटलं आणि का, याची वही ठेवायची. मुलाखतींच्या ध्वनिमुद्रणाइतकीच ही वही मोलाची असते.

एवढं करून हाती काय येतं? दोन गोष्टी, असं पॅटन सांगतात. एक म्हणजे प्रत्येक माणसाचं त्याच्या परिस्थितीसकट बारकाईने केलेलं वर्णन. दुसरी म्हणजे एवढ्या वेगळेपणातूनही सगळ्यांत सारखं निघालेलं काहीतरी. पद्धतीचं बळ या दुसऱ्या गोष्टीत आहे. कल्पना करा, अंबडचा कारखान्यातला कामगार, मालेगावचा यंत्रमाग कामगार आणि निफाडला आलेली ती बाई, तिघंही सांगतात की पैसे आले तेव्हा ते कशाचे आहेत हे कळलंच नाही, ते घरखर्चात गेले. आता याचं कारण बँक लांब होती, बाई शिकलेली नव्हती किंवा डॉक्टर खासगी होता, असं म्हणता येत नाही. कारण तिघांत तेच तर वेगळं होतं. माणसं जितकी एकमेकांपासून दूरची, तितकं त्यांच्यातलं साम्य बोलकं. उलट वीसही रुग्ण एकाच वस्तीतले असते, तर हे साम्य त्या वस्तीचं की योजनेचं, हे सांगता आलं नसतं.

मात्र या वीस जणांवर टक्केवारी काढायची नाही. ‘पासष्ट टक्के रुग्णांना पैसे उशिरा मिळाले’ असं वाक्य अशा अभ्यासात दिसलं की समजावं, संशोधक स्वतःची निवड विसरला. कडेची माणसं आपण मुद्दाम जास्त घेतली आहेत, जिल्ह्यात ती त्या प्रमाणात नाहीतच. ‘किती जणांना’ या प्रश्नाला इथे उत्तर नाही. ‘काय काय घडतं आणि कशामुळे’ याला आहे.

आणखी एका आकड्याबद्दल सांगायला हवं, कारण तो प्रबंधांतून सर्रास उचलला जातो. बारा मुलाखतींनंतर नवं काही मिळत नाही, हा तो आकडा. त्याचा उगम ग्रेग गेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००६ सालच्या लेखात आहे. घाना आणि नायजेरियातल्या साठ स्त्रियांच्या मुलाखतींवर त्यांनी हे तपासलं होतं. त्या स्त्रिया परिस्थितीने बऱ्याच एकसारख्या होत्या आणि सगळ्यांना साधारण तेच प्रश्न विचारले होते. हे त्या लेखकांनीच बजावून सांगितलं आहे. एकमेकांपासून मुद्दाम दूरची माणसं निवडायची आणि एकसारख्या माणसांवरून निघालेला आकडा लावायचा, हे जुळत नाही.

आता दुसरी पद्धत. समजा, विद्यार्थिनीकडे वीस मुलाखतींचा वेळच नाही. एकाच ठिकाणी जाता येईल. मग जिल्ह्यातलं ‘सरासरी’ गाव शोधण्यात अर्थ नसतो, कारण एका सरासरी गावावरून दुसऱ्याबद्दल काहीच ठामपणे म्हणता येत नाही. तिने असं ठिकाण शोधावं जिथे सगळंच योजनेच्या बाजूने आहे: नाशिक शहर, टीबी केंद्र चालत जाण्याच्या अंतरावर, आधारशी जोडलेलं स्वतःचं खातं, हातात मोबाइल, कायमची नोकरी. अशा रुग्णांनाही पैसे वेळेवर मिळत नसतील किंवा ते कशाचे हे कळत नसेल, तर सुरगाण्याच्या पाड्यावर ते सुरळीत होत असेल असं मानायला जागा उरत नाही. इथे नाही तर कुठेच नाही, असा हा तर्क आहे.

पण हा तर्क एकाच दिशेने चालतो. शहरातल्या या रुग्णांना पैसे वेळेवर मिळाले, तर त्यावरून पाड्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. सोयीच्या ठिकाणी आलेलं अपयश बोलतं, सोयीच्या ठिकाणचं यश गप्प असतं. योजना कठीण परिस्थितीतही चालते हे दाखवायचं असेल, तर निवड उलटी करावी लागते. सगळ्यांत अवघड पाडा घ्यायचा. तिथे ती चालली, तर बाकी ठिकाणी चालण्याची शक्यता दांडगी. म्हणून निर्णायक उदाहरण निवडताना दोन वाक्यं आधीच लिहून ठेवावी लागतात: काय दिसलं तर मी काय म्हणेन, आणि काय दिसलं तर मी गप्प बसेन.

या पद्धतीचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. तिथे १९५१, १९५५ आणि १९५९ अशा लागोपाठ तीन निवडणुका मजूर पक्ष हरला. त्यावर एक खुलासा फार लोकप्रिय झाला. कामगारांच्या हाती पैसा आला, घरात टीव्ही आला, दारात मोटार आली. त्यामुळे तो आता मध्यमवर्गीय झाला आणि त्याची वर्गजाणीव विरून गेली, असा तो खुलासा. केंब्रिजमधले जॉन गोल्डथॉर्प, डेव्हिड लॉकवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हे तपासायचं होतं. देशभर सर्वेक्षण करण्याऐवजी त्यांनी असं गाव शोधलं जिथे हा खुलासा खरा ठरायला सगळ्यांत अनुकूल परिस्थिती असेल.

त्यांनी लंडनच्या उत्तरेचं ल्यूटन निवडलं. हे भरभराटीचं शहर होतं. जुन्या कोळसाखाणी आणि गिरण्यांच्या पट्ट्यापासून दूर असल्याने तिथे जुन्या कामगार वस्त्यांची परंपरा नव्हती. पुष्कळसे कामगार चांगल्या पगारासाठी बाहेरून आलेले होते आणि नव्या वसाहतींत राहत होते. तिथले तीन कारखाने घेतले: व्हॉक्सहॉल मोटारींचा, स्केफ्को बेअरिंगचा आणि लापोर्ट रसायनांचा. कामगारही चाळून घेतले: विवाहित, ऐन उमेदीच्या वयाचे आणि ठरावीक रकमेपेक्षा जास्त कमावणारे. अशा २२९ कामगारांशी कारखान्यात बोलणं झालं आणि पुन्हा घरी, पत्नीसह. गुणात्मक अभ्यासाच्या मानाने ही संख्या मोठी आहे आणि प्रश्नावलीही बरीचशी बांधीव होती. पण जागेची निवड निखळ निर्णायक उदाहरणाची आहे. सिद्धान्ताला जेवढी मदत करता येईल तेवढी त्यांनी केली आणि मग तो टिकतो का ते पाहिलं.

तो टिकला नाही. पैसा होता, पण हे कामगार कारकून-अधिकाऱ्यांच्या वर्तुळात मिसळले नव्हते. त्यांचा उठबस नातेवाईक, शेजारी आणि कामावरच्या सोबत्यांशीच होता. कामाकडे ते पगारापुरतं पाहत. बहुसंख्य अजूनही मजूर पक्षालाच मत देत होते. काही बदल जरूर दिसला: जगणं घराभोवती, बायको-मुलांभोवती गोळा झालं होतं. पण त्याला मध्यमवर्गात जाणं म्हणता येत नव्हतं. १९६८-६९ मध्ये या अभ्यासाचे तीन खंड आले. ल्यूटनमध्ये जे घडलं नाही ते ग्लासगोच्या किंवा डरहॅमच्या कामगारांत घडलं असेल, असं म्हणणाऱ्यावर आता पुरावा देण्याची जबाबदारी येऊन पडली. एका शहराच्या अभ्यासाने देशभराच्या चर्चेला वळण दिलं, ते निवडीच्या जोरावर. निवडीची मर्यादाही लक्षात घ्यावी. स्त्रिया तिथे फक्त कामगारांच्या बायका म्हणून आल्या, स्वतः कामगार म्हणून नाहीत. निवडीच्या चाळणीतच त्या गळल्या होत्या आणि पुढे यावर टीका झाली.

हा तर्क फसतो कसा, याचं प्रामाणिक उदाहरण डेन्मार्कमधलं आहे. बेंट फ्लीव्ह्बियर्ग यांनी ऑल्बोर्ग शहराच्या नियोजनाचा अभ्यास केला. त्यांची मांडणी सरळ होती. विवेकाने, आकडेवारीने, तज्ज्ञांच्या सल्ल्याने नियोजन करण्यात ऑल्बोर्ग डेन्मार्कमध्ये सगळ्यांत पुढे. तिथेही सत्तेपुढे विवेक दुबळा ठरला, तर इतरत्र तो ठरणारच. अभ्यास पुढे गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की तिथली उद्योग-व्यापाऱ्यांची संघटनाही इतर शहरांतल्या संघटनांपेक्षा कितीतरी बलवान आहे. म्हणजे विवेक तिथे जास्त होता, तशी सत्ताही जास्त होती. मग तिथे विवेक हरला यावरून इतर शहरांबद्दल तसा निष्कर्ष काढता येईना. आपलं उदाहरण निर्णायक नसून टोकाचं निघालं, हे त्यांनी २००६ मध्ये एका लेखात उघडपणे लिहिलं. चूक का झाली, याचं कारणही त्यांनी दिलं: नियोजनाबद्दल आधीचं संशोधन भरपूर होतं, स्थानिक सत्तेबद्दल फारच कमी.

या पद्धतीची अडचण नेमकी इथे आहे. एखादं उदाहरण निर्णायक आहे हे म्हणायला विषयाबद्दल आधीच बरंच माहीत असावं लागतं. नाशिकचा रुग्ण ‘सगळ्यांत सोयीचा’ हे आपण गृहीत धरतो. पण शहरात भाड्याच्या खोल्या बदलत राहणाऱ्याचा पत्ताच सापडत नसेल, आणि पाड्यावर मात्र एखादी आशाताई प्रत्येक रुग्णाला स्वतः बँकेत नेत असेल, तर आपला सोपा-अवघड क्रमच उलटा आहे. म्हणून ज्या विषयाची फारशी माहिती नाही, तिथे आधी वेगवेगळी माणसं घ्यावीत, वाटा समजून घ्याव्यात, आणि मगच एखादं उदाहरण निर्णायक म्हणून पुढच्या अभ्यासासाठी निवडावं. दोन्ही पद्धती एकाच अभ्यासात बसवायच्या तर क्रम असा हवा. उलट क्रमाने केलेलं काम बहुतेक वेळा अंदाजावर उभं राहतं.

प्रबंध लिहिणाऱ्यांना एक विनंती करतो. पहिली मुलाखत घेण्याआधी एक पान लिहा: कोणत्या बाबींवर माणसं वेगळी घेणार आणि का, किंवा हेच उदाहरण निर्णायक का, आणि काय दिसलं तर तुमचा दावा पडेल. खाली तारीख घाला आणि ते पान मार्गदर्शकांकडे देऊन ठेवा. पुढे निवड बदलावी लागली तर बदला, पण जुनं पान फाडू नका, नवं त्याच्या मागे जोडा. आणि अहवाल वाचणाऱ्यांनी निष्कर्षांच्या आधी ते पान मागावं.